पगाराची थैली आणि बाकीच्या थैल्या

नोकरीची ऑफर हातात येते, आकडा अपेक्षेपेक्षा कमी असतो आणि वाढवून मागितला की एचआरकडून उत्तर येतं, ‘या बँडची कमाल मर्यादा झाली, आता काही करता येणार नाही.’ बरेच उमेदवार हे ऐकून एकतर मुकाट्यानं सही करतात, नाहीतर चिडून ऑफर सोडून देतात. मधली वाट फारशी कुणी चालत नाही. रजा, घरून काम, शिक्षणाचा खर्च, लवकरचं अप्रेझल या गोष्टी ‘फुटकळ’ म्हणून मागितल्याच जात नाहीत, किंवा मागितल्या तर तोंडी आश्वासनावर सोडल्या जातात. मला हा विषय दोन आवाजांत मांडावासा वाटला, कारण दोन्हींत तथ्य आहे. उदाहरण पुण्यातलं घेऊ. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये सहा वर्षं काढलेली एक मुलगी सध्या साडेनऊ लाखांवर आहे. नव्या कंपनीनं बारा लाख निश्चित पगार देऊ केला आहे, तिची अपेक्षा तेराची होती. रुजू होण्याची तारीख १ नोव्हेंबर २०२६. तिचा मोठा भाऊ अभियंता आहे आणि त्याच्या मते पगार सोडून बाकी सगळं गाजर. त्याच्याशी बोलणाऱ्या ताईंनी पंचवीस वर्षं मनुष्यबळ विभागात काढली आहेत. दोघंही कल्पित आहेत. माझा कौल ताईंच्या बाजूनं आहे हे आधीच सांगतो, पण भावाच्या आक्षेपांना सामोरं गेल्याशिवाय तो कौल देता येत नाही.

भाऊ : ताई, मला एक कळत नाही. कंपनीला माणूस हवंय, महिनाभर चार फेऱ्या घेतल्यात, आणि एका लाखासाठी म्हणतात की हात बांधलेत. हे खरं कसं मानायचं? आणि खरं असेल तर मग पाच रजा नि एखादा कोर्स मागून काय मिळणार? घराचा हप्ता रजेनं फिटत नाही. बँक विचारते ती पगाराची स्लिप. पुढची कंपनीसुद्धा विचारणार की सध्याचा पगार किती. त्यात ‘बुधवारी घरून काम’ असं कुठे लिहिलेलं नसतं. शिवाय दरवर्षीची वाढ टक्क्यांत होते, म्हणजे आज एक लाख कमी घेतला तर तो खड्डा दरवर्षी थोडा मोठाच होत जातो. माझं बहिणीला सांगणं आहे, की तेरा मिळत असतील तर जा, नाहीतर दुसरी ऑफर शोध.

ताई : हप्त्याचं तू म्हणतोस ते मी नाकारत नाही. पण हात बांधलेत हे बऱ्याच वेळा खरंच असतं, आणि ते का खरं असतं हे कळलं तरच पुढचं कळेल. त्या बँडमध्ये आधीपासून दहाबारा जण बसलेले असतात. तुझ्या बहिणीला तेरा दिले आणि तिच्याच कामाचा, तिच्याहून दोन वर्षं जुना माणूस साडेबारावर असला, तर सहा महिन्यांत ते बाहेर येतं आणि मग एकाचा नाही, सगळ्यांचा पगार हलवावा लागतो. मूळ पगार वाढला की पीएफमधला कंपनीचा बारा टक्के वाटा वाढू शकतो, ग्रॅच्युइटी तर शेवटच्या पगारावरच मोजतात. म्हणून पगाराच्या थैलीवर वित्त विभागाचा पहारा असतो. पण कंपनीत ती एकच थैली नसते. प्रशिक्षणाचा पैसा वेगळ्या मथळ्याखाली, बहुतेकदा तुझ्या बहिणीच्या होणाऱ्या मॅनेजरच्या खात्यात असतो. घरून काम करण्याला पैसाच लागत नाही, लागते ती मॅनेजरची संमती. अप्रेझलची तारीख एचआरच्या कॅलेंडरमध्ये असते. पगारावर ‘नाही’ म्हणणारा माणूस आणि या गोष्टींवर ‘हो’ म्हणू शकणारा माणूस एकच असतो असं नाही. आपण एकाच दारावर पुन्हा पुन्हा थाप मारतो, आणि शेजारची दारं उघडी राहतात.

इथे ताईंनी जे सांगितलं ते माझ्या मते या सगळ्या बोलणीचं मूळ आहे. पगार अडला की ‘आणखी काय मिळेल’ असं विचारणं चूक आहे. ‘दुसऱ्या कुठल्या थैलीतून, कुणाच्या अधिकारात’ असं विचारायला हवं. एचआरला पाठवलेली चार मागण्यांची यादी म्हणूनच फसते : चारही मागण्या ज्याच्या हातात त्यांतलं फारसं काही नाही अशा माणसाच्या मेलबॉक्समध्ये जाऊन पडतात, आणि त्याला सगळ्यांनाच ‘पॉलिसीत बसत नाही’ म्हणणं सोपं जातं. भावाचा टक्क्यांचा मुद्दा मात्र इथे उभाच राहतो. कमी आकड्यावर सुरुवात केली की फरक साचत जातो हे गणित कुणालाही टाळता येत नाही, आणि रजेचे पाच दिवस त्याला उत्तर देत नाहीत. त्याला उत्तर देणारी गोष्ट या चारांपैकी एकच आहे.

ताई : चारांपैकी सगळ्यात आधी मी लवकरचं अप्रेझल मागायला सांगेन. हिशेब करून बघ. ती १ नोव्हेंबरला रुजू होणार. बऱ्याच कंपन्यांत अप्रेझल एप्रिलमध्ये असतं आणि १ ऑक्टोबरनंतर आलेल्यांना त्या एप्रिलमधून वगळतात. म्हणजे तिचं पहिलं अप्रेझल एप्रिल २०२८, रुजू झाल्यावर सतरा महिन्यांनी. आता तिनं सहा महिन्यांनी, म्हणजे १ मे २०२७ पासून लागू होणारं अप्रेझल मागितलं आणि त्यात समजा आठ टक्के मिळाले. बारा लाखांवर आठ टक्के म्हणजे वर्षाला शहाण्णव हजार, महिन्याला आठ हजार. मे २०२७ ते मार्च २०२८ हे अकरा महिने, म्हणजे अठ्ठ्याऐंशी हजार तिला एरवी मिळालेच नसते. आणि एप्रिल २०२८ ला तिचा पाया बारा लाख नसेल, बारा लाख शहाण्णव हजार असेल. तू म्हणतोस तो खड्डा तिथे जवळजवळ बुजतो. बँडची भिंत भरतीच्या वेळी उभी असते. आत आल्यावर, काम दिसल्यावर, त्याच बँडमध्ये वर सरकणं किंवा पुढच्या बँडमध्ये जाणं याला वेगळा रस्ता असतो.

भाऊ : कागदावर छान आहे. पण मी ज्यांना ज्यांना हे ‘सहा महिन्यांनी बघू’ ऐकवलेलं पाहिलंय, त्यांचं पुढे काय झालं तेही पाहिलंय. सहा महिन्यांनी मॅनेजर म्हणतो, छान चाललंय, असंच चालू दे. पैशाचं विचारलं की म्हणतो, ते एचआरशी बोल. एचआर म्हणतं, आमच्याकडे तशी काही नोंद नाही. किंवा तोवर मॅनेजरच बदललेला असतो. आणि समजा दिलीच वाढ, तर एप्रिलमध्ये सांगतात की तुम्हाला नुकतीच मिळाली होती, यंदा नाही. म्हणजे तुमचे अठ्ठ्याऐंशी हजार एका हातानं दिले नि दुसऱ्या हातानं काढून घेतले.

भावाचा हा आक्षेप सगळ्यात खरा आहे, आणि लवकरच्या अप्रेझलची बोलणी बहुतेकदा इथेच मोडते. ‘अप्रेझल’ या शब्दात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे कामाबद्दलचं बोलणं आणि दुसरी म्हणजे पगाराचा फेरविचार. पहिली द्यायला कंपनीला काहीच पडत नाही, म्हणून ती सहज दिली जाते आणि उमेदवाराला दुसरी मिळाल्यासारखं वाटतं. म्हणून मागणीत ‘पगाराचा फेरविचार’ हेच शब्द हवेत. त्याला तारीख हवी. वाढ झाली तर ती कोणत्या दिवसापासून लागू, हे हवं. आणि भावानं दाखवलेली फट बुजवणारं वाक्य हवं, की या फेरविचारामुळे एप्रिल २०२८ च्या नियमित अप्रेझलमधून नाव वगळलं जाणार नाही किंवा वाढ महिन्यांच्या प्रमाणात कापली जाणार नाही. पाचवी गोष्ट थोडी कठीण आहे, ती म्हणजे निकष. वाढीची टक्केवारी आधी लिहून द्यायला कुठलीही कंपनी सहसा तयार होत नाही आणि ती मागून वेळ घालवू नये. पण ‘सहा महिन्यांत अमुक उत्पादनाची चाचणी हाताने न करता स्वयंचलित झालेली असेल’ किंवा ‘रिलीजनंतर ग्राहकाकडून येणाऱ्या दोषांची संख्या इतकी खाली आलेली असेल’ असं मॅनेजरकडून लिहून घेता येतं, कारण त्यालाही तेच हवं असतं. निकष असला की सहा महिन्यांनी बोलणं मर्जीवरून कामावर येतं. तो नसेल तर भाऊ म्हणतो तेच होईल.

ताई : आणि ते सगळं ऑफर लेटरमध्ये. मेलमध्ये नाही, फोनवर तर नाहीच. बहुतेक ऑफर लेटरांच्या शेवटी एक कलम असतं, की या पत्रातला मजकूर हाच दोघांतला संपूर्ण करार आहे आणि याआधीची तोंडी वा लेखी बोलणी यात धरली जाणार नाहीत. मुलं ते वाचत नाहीत. ते कलम असेल तर रिक्रूटरनं मेलवर दिलेली सगळी वचनं सही करण्याच्या क्षणी तू स्वतःच रद्द करत असतोस. रिक्रूटर खोटं बोलला असं मी म्हणत नाही, त्यानं मनापासून सांगितलेलं असू शकतं. पण तो पुढच्या वर्षी तिथे असेलच असं नाही, आणि पत्र असतं.

भाऊ : बरं, घरून काम. तिला हिंजवडीला जायचंय, जायला सव्वा तास आणि यायला सव्वा तास. एक दिवस घरून काम कंपनीची पॉलिसी देतेच. तिनं दुसरा मागितला तर मला भीती वेगळीच वाटते. मुलीनं घरून काम मागितलं की समोरचा लगेच ठरवतो की हिला घर सांभाळायचंय. बढतीच्या वेळी नाव मागे जातं. आणि कंपन्या आज देतात ते उद्या काढून घेतात. टीसीएसनं २०२३ च्या ऑक्टोबरपासून लोकांना आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसला बोलावलंच ना?

या प्रश्नावर मात्र आपल्याकडे मतांपेक्षा बरं काहीतरी आहे. ट्रिप डॉट कॉम या चिनी प्रवास कंपनीत दोन मोठे प्रयोग झाले, दोन्हींत स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम होते. पहिल्यात (२०१५ साली प्रसिद्ध) कॉल सेंटरमधल्या लोकांनी आठवड्याचे चार दिवस घरून काम केलं. त्यांचं काम तेरा टक्क्यांनी वाढलं, पण तितकंच काम करणाऱ्या ऑफिसातल्या सहकाऱ्यांच्या तुलनेत त्यांना बढती कमी मिळाली. भावाची भीती म्हणजे हाच निष्कर्ष. दुसरा प्रयोग २०२४ साली ‘नेचर’मध्ये आला. त्यात १,६१२ पदवीधर कर्मचारी होते, अभियंते, विपणन, वित्त अशा कामांतले, आणि आठवड्याचे दोन दिवस घरून काम कुणाला द्यायचं हे वाढदिवस सम तारखेचा की विषम यावरून ठरवलं होतं. नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशानं घटलं. कामाच्या मूल्यमापनात आणि बढत्यांत मात्र पुढच्या दोन वर्षांत फरक दिसला नाही. नोकरी न सोडण्याचा परिणाम सगळ्यात जास्त दिसला तो मॅनेजर नसलेल्यांत, स्त्रियांत आणि लांबून येणाऱ्यांत. आपल्या उदाहरणातली मुलगी या तिन्हींत बसते.

या दोन प्रयोगांच्या मध्ये बोलणीसाठी लागणारी रेघ सापडते. मागणी दोन दिवसांची असावी, चारची नव्हे. आणि ती मांडताना घराचं कारण द्यायची गरज नाही, कारण मॅनेजरचा खरा प्रश्न ‘ही गेली तर काय’ हा असतो आणि दुसऱ्या प्रयोगानं त्याचंच उत्तर दिलं आहे. त्याच प्रयोगात मॅनेजरांना आधी विचारलं होतं तेव्हा घरून काम केल्यानं उत्पादकता २.६ टक्क्यांनी घटेल असा त्यांचा सरासरी अंदाज होता. प्रयोग संपल्यावर तो एक टक्का वाढीवर गेला. मॅनेजर करून बघितल्यावर बदलतात, म्हणून ‘तीन महिने करून बघू, मग ठरवू’ हा प्रस्ताव हक्काच्या भाषेपेक्षा लवकर मान्य होतो. मुलीच्या बाजूनं हिशेब असा : आठवड्याला एक जास्तीचा दिवस घरून, वर्षातले साधारण शेहेचाळीस आठवडे, रोजचे अडीच तास, म्हणजे एकशे पंधरा तास, आठ तासांचे चौदा दिवस. पुण्याच्या रस्त्यांवर हा अंदाज फुगवलेला नाही. टॉमटॉमच्या २०२४ च्या निर्देशांकात पुणे जगातल्या सगळ्यात संथ शहरांत चौथं होतं, दहा किलोमीटरला तेहेतीस मिनिटांहून जास्त. अमेरिकेतल्या कॉल सेंटरच्या उमेदवारांवर झालेल्या २०१७ सालच्या एका अभ्यासात घरून काम करता यावं म्हणून लोक सरासरी आठ टक्के पगार सोडायला तयार होते. तो आकडा इथे जसाच्या तसा लावू नये, पण जिला ही सोय बारा लाखांच्या वर मिळते आहे तिनं ती शून्य धरू नये, एवढं त्यावरून नक्की म्हणता येतं. भावाचा शेवटचा मुद्दा मात्र मान्यच करावा लागतो. पत्रात लिहिलं तरी बाजूला ‘कंपनीची धोरणं वेळोवेळी बदलू शकतात’ हे वाक्य असतंच. म्हणून घरून कामाचे दिवस फार तर एका वर्षाच्या किमतीचे धरावेत आणि बदल करायचा तर साठ दिवस आधी कळवण्याचं वाक्य मागावं. भाड्याचं घर आणि मुलाची शाळा त्या दिवसांवर बेतून ठरवलेली असतात, त्यांना निदान दोन महिने लागतात.

भाऊ : मग रजा? तिच्या सध्याच्या कंपनीत तिला पंचवीस मिळतात, ही कंपनी वीस म्हणते. पाच मागायच्या?

ताई : मागायच्या, पण आधी एक तपासून घे. त्या वीसपैकी किती कंपनीच्या आणि किती कायद्याच्या? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजा आहेत, आणि २४० दिवस काम भरलं की दर वीस दिवसांमागे एक पगारी रजा, म्हणजे निदान बारा. आठ नि बारा वीस. हा कायदा मॅनेजरच्या हुद्द्यावरच्यांना लागत नाही, पण टेस्टिंगच्या मुलीला लागेल. म्हणजे कंपनी जे ‘देतोय’ म्हणतेय ते तिनं मागायची गरजच नाही. त्यावर बोलणी खर्च करू नको. खरी मागणी एकविसाव्या दिवसापासून सुरू होते. आता एचआरची आतली गोष्ट सांगते. आम्हाला रजा द्यायची भीती नसते, साठलेल्या रजेची असते. जी रजा पुढच्या वर्षात नेता येते आणि नोकरी सोडताना रोखीत मिळते, तिच्यासाठी कंपनीला ताळेबंदात तरतूद करावी लागते आणि ती पगाराबरोबर फुगत जाते. म्हणून सरसकट ‘पाच रजा वाढवा’ म्हटलं की वित्त विभाग आडवा येतो. त्याऐवजी म्हणायचं, पाच दिवस पगारी रजा, त्याच वर्षात वापरायची, उरली तर संपली, रोखीकरण नाही. कंपनीला ती जवळजवळ फुकट पडते आणि तुझ्या बहिणीला पाच दिवस खरंच मिळतात. बारा लाखांना वर्षातल्या अडीचशे कामाच्या दिवसांनी भागलं तर दिवसाला चार हजार आठशे, पाच दिवसांचे चोवीस हजार.

भाऊ : आणि ती रजा घेऊ दिली नाही तर? मी तर बघतो, रजा खात्यात असते आणि रिलीज डोक्यावर असतं. तुमची ती वर्षअखेर संपणारी रजा मग नुसती कागदावरच संपेल.

हा धोका खरा आहे, आणि रोखीकरण सोडलेल्या रजेत तो दुप्पट होतो, कारण न वापरलेल्या दिवसाचे पैसेही मिळत नाहीत. उपाय बोलणीच्या वेळीच करता येतो : त्या पाच दिवसांपैकी तीनची तारीख आधीच सांगून टाकावी. गणपतीचे दोन दिवस, घरातलं ठरलेलं लग्न, बहिणीची परीक्षा, जे असेल ते. रुजू होण्याआधी मान्य झालेली रजा रिलीजच्या आठवड्यात नाकारणं मॅनेजरला जड जातं. आणखी एक बारीक गोष्ट आहे, पण तिच्यामुळेच बरेच करार गळतात. रजेचं सॉफ्टवेअर श्रेणीनुसार आपोआप रजा जमा करतं, त्यात एका माणसाचे पाच दिवस वेगळे टाकायला कुणीतरी हातानं नोंद करावी लागते. पहिल्या महिन्यात पोर्टलवर पंचवीस दिसले नाहीत तर त्याच आठवड्यात ऑफर लेटरसह मेल करावा. वर्षअखेर विचारलं तर जमा न झालेली रजा मागच्या तारखेनं कुणी देत नाही. आणि मुलीला दोनच मागण्या रेटायच्या असतील तर, मला वाटतं, रजा त्यांत नसावी. प्रवासाचे एकशे पंधरा तास हे पाच दिवसांहून मोठे आहेत.

शिक्षणाच्या खर्चाबद्दल थोडक्यात, कारण त्यातली खाच एकच आहे. चाळीस हजारांचा कोर्स आणि परीक्षा कंपनीनं परस्पर भरली किंवा बिलावर परत दिली आणि ते प्रशिक्षण कामाशी संबंधित असलं, तर सहसा तो खर्च पगारात धरला जात नाही. तेच चाळीस हजार भत्ता म्हणून घेतले तर ते करपात्र पगारात धरले जातात. म्हणजे इथे भावाची ‘पैसेच द्या’ ही भूमिका त्याच्या बहिणीला महाग पडू शकते. खाच आहे ती बाँडची. कंपनी म्हणते, खर्च आम्ही करू, पण दोन वर्षांत सोडलंस तर सगळा परत. असे करार आपोआप अवैध ठरतात असा एक समज आहे, तो चुकीचा आहे. विजया बँकेच्या प्रकरणात बँकेनं तीन वर्षं सेवा नाही तर दोन लाख रुपये अशी अट घातली होती, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती अट वैध ठरवली. नोकरी चालू असताना घातलेलं असं बंधन करार कायद्याच्या कलम २७ मधल्या व्यवसायबंदीत मोडत नाही, असं न्यायालयानं म्हटलं. म्हणून सही करण्याआधीच रक्कम उतरती करून घ्यावी : बारा महिन्यांचा बाँड, दर पूर्ण महिन्यामागे बारावा भाग माफ, आणि कंपनीनं कामावरून कमी केलं तर काहीच देणं नाही. चाळीस हजारांचे महिन्याला साधारण तीन हजार तीनशे सुटत जातात. आठ महिन्यांनी सोडलं तर देणं साधारण तेरा हजारांचं उरतं, चाळीसचं नाही.

भाऊ : मी एक शेवटचं विचारतो. हे सगळं मिळालं तर कंपनी उद्या म्हणेल, बघा, पगार न वाढवताच माणूस मिळाला. सगळ्यांनीच असं केलं तर पगार कधी वाढणारच नाहीत. तुम्ही कंपनीचं काम सोपं करून देताय.

ताई : काही प्रमाणात, हो. म्हणूनच मी एक मर्यादा सांगते. तिची ऑफर दहा लाखांची असती आणि बाजारात तिच्या कामाला तेरा मिळत असते, तर मी तिला रजा नि कोर्स मागू नको म्हटलं असतं, सरळ सोड म्हटलं असतं. पगारातला तेवीस टक्क्यांचा खड्डा सोयींनी भरायला जाणं म्हणजे स्वतःलाच फसवणं. इथे फरक तेरावर एक लाखाचा आहे, आठ टक्क्यांच्या आत, आणि एका लिहिलेल्या फेरविचारानं तो वर्षाच्या आत भरून निघू शकतो. आणि एक गोष्ट तू विसरतोस. फेरविचाराची तारीख पत्रात असणं म्हणजे पगाराचा प्रश्न बंद न होणं. तेरा नाही म्हटल्यावर तू मुकाट सही केलीस तर प्रश्न सतरा महिने बंद. तारीख घेतलीस तर १ मे २०२७ ला कंपनीला उत्तर द्यावंच लागतं.

भावाच्या या शेवटच्या आक्षेपाला माझं उत्तर ताईंच्याहून थोडं कडक आहे. बँडच्या नावाखाली पगार दाबले जातात हे खरं आहे, आणि ते बदलायचं तर त्याच कामाचे लोक आपापले पगार एकमेकांना सांगू लागले पाहिजेत. एकट्या उमेदवाराच्या बोलणीनं ते होणार नाही. पण ती मोठी गोष्ट घडेपर्यंत एका मुलीनं सतरा महिने आणि एकशे पंधरा तास सोडून द्यावेत, हा त्यावर उपाय नाही. तिनं दोन गोष्टी मागाव्यात. मॅनेजरकडे दुसऱ्या दिवसाचं घरून काम, तीन महिन्यांच्या चाचणीवर. एचआरकडे तारीख आणि निकषासह पगाराचा फेरविचार. शिक्षणाचा खर्च मॅनेजर स्वतःहून विचारतो तेव्हा घ्यावा, उतरत्या बाँडवर. रजेचे पाच दिवस शेवटी, दोन्ही मान्य झाल्यावर, सहज.

आणि वेळ महत्त्वाची. आपल्याकडे नोटीस पीरियड बहुतेकदा साठ किंवा नव्वद दिवसांचा असतो. ऑफर आल्यापासून जुन्या कंपनीत राजीनामा देईपर्यंतचे दोनचार दिवस, एवढाच काळ कंपनी तुमचं ऐकण्याच्या मनःस्थितीत असते. राजीनामा पाठवला की जुनी नोकरी जाते आणि नव्या कंपनीला ते कळतं. तुम्ही ही बोलणी करत असाल तर तारीख, निकष आणि दिवस लिहिलेलं सुधारित पत्र हातात येईपर्यंत राजीनामा पाठवू नका.